रेप्टनची हाडं, ८७३ सालची नाणी आणि दोनशे वर्षांचा घोळ

नदीकाठ
रेप्टनबद्दल वाचत होते. इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधलं हे गाव. अँग्लो-सॅक्सन बखरीत लिहिलंय की व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने ८७३-७४चा हिवाळा तिथे काढला. मार्टिन बिडल आणि त्यांच्या पत्नीने १९७० आणि ८०च्या दशकांत तिथे उत्खनन केलं. एका मातीच्या उंचवट्याखाली निदान २६४ माणसांची हाडं रचलेली सापडली, त्यात बहुतेक पुरुष. हाडांसोबत ८७२ ते ८७५च्या दरम्यानची नाणी होती. इथवर सगळं जुळतं.

पण हाडांचं कार्बन-१४ने वय काढलं तेव्हा काही हाडं सातव्या-आठव्या शतकातली निघाली, म्हणजे सैन्य येण्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधीची. मग वर्षानुवर्षं असं मानलं गेलं की ही हाडं सरमिसळ आहेत, जुन्या थडग्यांतली हाडंही इथे आणून रचली असावीत. २०१८मध्ये कॅट जार्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हाडं एकाच काळातली असू शकतात आणि तो काळ सैन्याच्या मुक्कामाशी जुळतो.

माझा प्रश्न असा की यंत्राने मोजलेला आकडा तोच असताना हाड दोनशे वर्षांनी "तरुण" कसं झालं? पहिली मोजणी चुकली होती का?

गारगोटी
यात गूढ काही नाही. ही पद्धत विलर्ड लिबीने १९४९च्या सुमारास काढली, तेव्हा त्याने कार्बन-१४चं अर्धायुष्य ५५६८ वर्षं धरलं होतं. नंतर कळलं की ते ५७३० आहे. प्रयोगशाळा मात्र अजून ५५६८च वापरतात, तुम्ही कुठलाही अहवाल उघडून बघा. पायाच तीन टक्क्यांनी चुकलाय म्हटल्यावर वरचे आकडे चुकणारच.

तळटीप
गारगोटी, ५५६८ अजून वापरतात हे अगदी खरं. पण त्यामुळे तारीख चुकत नाही.

प्रयोगशाळा अहवालात जे "वय" देते ते कॅलेंडरचं वय नसतंच. नमुन्यात किती कार्बन-१४ उरलाय ते सांगण्याची ती एक ठरलेली रीत आहे, आणि ते वय १९५०पासून मागे मोजतात. त्याचं खऱ्या सालात रूपांतर करायला एक वक्र वापरतात. ज्या झाडांच्या वलयांचं साल आधीच माहीत आहे, त्या वलयांमधला कार्बन-१४ मोजून हा वक्र तयार केलाय. वलयांची वयंही त्याच ५५६८ने काढलेली असतात. दोन्हीकडे चूक सारखीच असल्याने ती आपोआप कटते. शिवाय चूक त्या आकड्याची असती तर तिने सगळं जुनं जग एकाच दिशेला सरकवलं असतं. एकाच ढिगातली काही हाडं जुनी आणि काही नवी, असं झालं नसतं.

आता नदीकाठताईंचा प्रश्न. पहिली मोजणी चुकली नव्हती. चुकलं ते गृहीतक. आपण धरून चालतो की मेलेल्या माणसाच्या हाडातला कार्बन त्याच्या हयातीतल्या हवेतून आला. हवेत वरच्या थरात वैश्विक किरणांमुळे कार्बन-१४ सतत तयार होत असतो, तो झाडात जातो, झाडातून जनावरात आणि माणसात. जिवंत असेपर्यंत भर पडत राहते, मेल्यावर थांबते, मग फक्त घट. पण त्या माणसाने कार्बन दुसऱ्याच कुठल्या साठ्यातून घेतला असेल तर? मग मोजणी अचूक असूनही साल चुकतं. रेप्टनला तेच झालं. सविस्तर रात्री लिहितो.

आकाश_निळं
थांबा, मूळ मुद्द्यातच मला शंका आहे. हाड म्हणजे कॅल्शियम. त्यात कार्बन कुठून आला? आणि हाड जमिनीत राहून दगड होतं ना? दगडाचं वय कार्बनने काढता येत नाही असं शाळेत शिकलो होतो.

तळटीप
दगड झालेल्या हाडांचं शिकलात ते बरोबर, पण ती गोष्ट लाखो-कोट्यवधी वर्षांची आहे. कार्बन-१४ साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका उरतच नाही. रेप्टनची हाडं हजार-बाराशे वर्षांची, ती अजून हाडंच आहेत.

ताज्या हाडाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग कोलॅजेन असतो, म्हणजे प्रथिन. वय त्याचंच काढतात. मी काही वर्षं नमुने तयार करण्याचं काम केलंय, ते कसं चालतं सांगतो. हाडाचा बाहेरचा थर खरवडून टाकायचा, आतल्या घट्ट भागातून अर्धा-एक ग्रॅम तुकडा घ्यायचा. तो पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला की खनिज विरघळून जातं. हाड चांगलं टिकलेलं असेल तर आम्लातून बाहेर जे निघतं ते तुकड्याच्याच आकाराचं, पण मऊ, लवचिक आणि थोडं पारदर्शक असतं. चिमट्याने दाबलं तर वाकतं. हाड खराब असेल तर तळाशी नुसता तपकिरी गाळ उरतो, आणि तिथेच कळतं की आज काही मिळणार नाही. ते मऊ कोलॅजेन कोमट, किंचित आम्लधर्मी पाण्यात विरघळवून गाळतात, सुकवतात, जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि त्यापासून ग्राफाइट करतात. एएमएस यंत्र त्या ग्राफाइटमधले कार्बन-१४चे अणू एकेक करून मोजतं. आजच्या हवेतही दर लाख कोटी अणूंमागे एखादाच कार्बन-१४चा असतो.

हाड विश्वासार्ह आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कोलॅजेनमधलं कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण. अणूंच्या हिशेबात ते २.९ ते ३.६च्या दरम्यान यायला हवं. त्याच्या वर गेलं की समजायचं, मातीतलं काहीतरी कोलॅजेनमध्ये मिसळलंय.

नदीकाठ
म्हणजे रेप्टनला मातीतलंच काहीतरी मिसळलं असेल, असं नाही का होऊ शकत?

तळटीप
होऊ शकतं, पण आकडे बघितले तर पटत नाही. मिसळलेल्या कार्बनचा परिणाम नमुना किती जुना आहे त्यावर ठरतो. समजा चाळीस हजार वर्षांच्या हाडात आजचा फक्त एक टक्का कार्बन शिरला. त्या हाडात मूळचा कार्बन-१४ एक टक्क्याहूनही कमी उरलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेला मूळच्यापेक्षा जास्त होतो. वय चाळीस हजारांऐवजी तेहतीस हजारांच्या आसपास येतं. म्हणून फार जुन्या हाडांच्या तारखांकडे मी संशयाने बघतो.

हजार-बाराशे वर्षांच्या हाडात मात्र मूळचा कार्बन-१४ जवळपास ८६ टक्के शिल्लक असतो. तिथे आजचा एक टक्का मिसळून दहा-पंधरा वर्षांचाच फरक पडेल, तोही हाड *नवं* दिसण्याच्या दिशेने. रेप्टनची हाडं *जुनी* दिसत होती. त्यासाठी जुना कार्बन हवा, आणि बराच हवा. तो आला ताटातून.

समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेपेक्षा जुना असतो. खोल पाणी शेकडो वर्षं हवेला न शिवता फिरत असतं, ते वर येऊन मिसळतं. त्यामुळे आज पकडलेला समुद्रातला मासा मोजला तर तो सरासरी चारशे वर्षांचा भासतो. ठिकाणाप्रमाणे हा आकडा बदलतो, पण साधारण एवढाच. आता जो माणूस आयुष्यभर भरपूर समुद्री मासे खातो त्याच्या हाडातला तेवढा कार्बन त्या जुन्या साठ्यातून आलेला असतो. तो मरतो तेव्हाच त्याचं हाड शे-दीडशे वर्षांचं असतं.

विदुला_म
मला हे चक्राकार वाटतंय. नाणी ८७३च्या आसपासची आहेत हे माहीत आहे. हाडं जुळत नाहीत. मग "मासे खाल्ले असतील" म्हणून हाडांना पुढे सरकवायचं, आणि जुळेपर्यंत सरकवत राहायचं. अशाने कुठलीही तारीख कुठल्याही सालाशी जुळवता येईल. नाणी नसती तर दुरुस्ती केली असती का?

तळटीप
विदुलाताई, दुरुस्ती नाण्यांकडे बघून केली असती तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू होता. पण मासे किती खाल्ले हे त्याच हाडातून वेगळं मोजता येतं. कार्बनचं एक स्थिर रूप आहे, कार्बन-१३. ते घटत नाही, त्यामुळे त्याचा काळाशी संबंध नाही, फक्त आहाराशी आहे. जमिनीवरचं धान्य आणि मांस खाणाऱ्याच्या कोलॅजेनमध्ये त्याचं मूल्य साधारण उणे २०-२१ येतं, निव्वळ समुद्री आहारावर जगणाऱ्याचं उणे १२च्या आसपास.

हिशेब करून दाखवतो. आकडे माझे उदाहरणापुरते आहेत, रेप्टनच्या एखाद्या सांगाड्याचे नाहीत. दोन टोकं उणे २०.५ आणि उणे १२ धरली, म्हणजे अंतर साडेआठ. एका हाडाचं मूल्य उणे १८ आलं. जमिनीच्या टोकापासून ते अडीचने सरकलंय. साडेआठात अडीच म्हणजे साधारण तीस टक्के कार्बन समुद्रातला. चारशे वर्षांचे तीस टक्के म्हणजे एकशेवीस वर्षं. या हाडाचं साल दुरुस्तीआधी सातशे साठच्या आसपास येत असेल तर खरं साल आठशे ऐंशीच्या जवळ येईल. प्रत्यक्षात सरळ बेरीज करत नाहीत, हवेचा आणि समुद्राचा असे दोन वक्र त्या प्रमाणात मिसळून वापरतात, पण दिशा आणि माप हेच.

यातली परीक्षा अशी, की ज्या हाडात समुद्राची खूण जास्त तेच जास्त जुनं दिसायला हवं. जिथे खूण कमी तिथे दुरुस्तीही कमी. हे प्रत्येक हाडासाठी वेगळं निघतं, एकच आकडा सगळ्यांना लावलेला नाही. असं करूनही सगळी हाडं एका काळात येऊन बसली, म्हणून मला ते पटतं.

एक मात्र कबूल करायलाच हवं. दुरुस्त तारखा मुक्कामाशी *जुळतात* एवढंच म्हणता येतं. ही माणसं त्याच सैन्यातली होती हे कार्बन सांगू शकत नाही.

गारगोटी
५५६८चा मुद्दा समजला, पटला. पण कार्बन-१३ फक्त माशांमुळे वाढतो असं नाही. ज्वारी, बाजरी, मका खाणाऱ्यांमध्येही तो वाढतो. त्या गवतांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असते. मग ज्वारी खाणाऱ्याला मासेखाऊ समजून दीडशे वर्षं पुढे ढकललं तर?

तळटीप
हा खरा धोका आहे, आणि अशा चुका झालेल्याही आहेत. म्हणून नायट्रोजन-१५ही मोजतात. समुद्रातली अन्नसाखळी लांब असते, मोठा मासा छोट्याला खातो, त्यामुळे मासे खाणाऱ्यात नायट्रोजन-१५ चढलेला दिसतो. ज्वारी खाणाऱ्यात कार्बन चढलेला आणि नायट्रोजन खाली असतो. नवव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मका नव्हताच आणि बाजरीवर्गातली धान्यं नगण्य होती, म्हणून रेप्टनला ही अडचण नाही. जिथे लोक ज्वारीही खातात आणि मासेही, तिथे कठीण जातं.

सुताराचा_नातू
माझं थोडं वेगळं आहे. घरात एक मोठी लाकडी पेटी आहे, घरचे सांगतात अडीचशे वर्षांची. प्रयोगशाळेत एक तुकडा पाठवला तर नक्की साल कळेल का? लाकूड मासे खात नाही, म्हणजे तिथे ही भानगड नसणार.

पानगळ
मी झाडांच्या वलयांचं काम करते, म्हणून लाकडाचं मी सांगते. लाकूड मासे खात नाही, पण त्याची स्वतःची भानगड आहे.

झाड दर वर्षी सालीलगत नवं वलय धरतं. ते वलय त्या वर्षीच्या हवेतला कार्बन घेतं आणि पुढच्या वर्षापासून त्यात नवीन लाकूड जवळजवळ भरत नाही. झाड जिवंत असलं तरी गाभ्यातलं वलय हिशेबाने केव्हाच मेलेलं असतं. तीनशे वर्षांचं झाड आज तोडलं आणि गाभ्यातला तुकडा मोजला तर उत्तर तीनशे वर्षं येईल. त्याची कुणी आज पेटी केली तरी. सुतार बहुतेकदा सालीकडचं मऊ लाकूड काढून टाकतात, म्हणजे नेमकी हवी असलेली वलयंच जातात. वर जुन्या घराचं लाकूड काढून पुन्हा वापरलं असेल तर आणखी फरक. म्हणून लाकडाची तारीख ही "याच्या आधी वस्तू झाली नाही" एवढंच सांगते. उत्खननात कोळशाऐवजी जळालेलं धान्य किंवा बारीक काटकी मिळाली तर सगळे खूश होतात ते याच कारणाने.

तुमच्या पेटीला दुसरी अडचण जास्त मोठी आहे. १६५०नंतरच्या तीनशे वर्षांत वक्र वर-खाली होतो. त्यात कोळसा-तेल जाळल्यामुळे हवेत कार्बन-१४ नसलेला जुना कार्बन मिसळला. त्यामुळे एकाच मोजणीला एकाहून जास्त साल बसतात. अहवालात दोनशे वर्षं असं वय आलं, तर त्याचा अर्थ सतराव्या शतकाचा उत्तरार्ध, अठराव्या शतकाचा बराचसा भाग किंवा विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, यातलं काहीही निघू शकतं. अडीचशे वर्षं की नव्वद, हाच तर तुमचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच सुटत नाही.

सुताराचा_नातू
अरेरे. मग काहीच उपयोग नाही?

पानगळ
एक ठामपणे कळेल. १९५५नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला, १९६३-६४च्या सुमाराला जवळजवळ दुप्पट झाला. ते लाकूड त्यानंतर वाढलेलं असेल तर लगेच ओळखता येतं. बाकी पेटीवर तेल, रोगण, वाळवीचं औषध मारलेलं असेल तर प्रयोगशाळेला आधीच सांगा. ते धुऊन काढायला वेगळी द्रावणं लागतात. तेलातला कार्बन तेलबियांचा असेल तर एक परिणाम, खनिज तेलाचा असेल तर उलटा.

पेटीच्या फळीवर साठ-सत्तर वलयं स्पष्ट मोजता येत असतील तर आणखी एक मार्ग आहे. वेगवेगळ्या वलयांतून चार-पाच नमुने घ्यायचे. त्यांच्यातलं अंतर वर्षांत आपल्याला माहीत असतं. मग ती आख्खी मालिका वक्राच्या चढउतारांवर बसवून बघायची. एकटा नमुना तीन ठिकाणी बसतो, मालिका सहसा एकाच ठिकाणी बसते. पण याला खर्च येतो आणि पेटीला भोकं पडतात, ते तुम्ही ठरवा.

नदीकाठ
पानगळ, म्हणजे झाडाची साल शाबूत असेल तर लाकडातून नेमकं वर्षसुद्धा मिळू शकतं?

पानगळ
मिळालंय. यातलं माझं सर्वांत आवडतं काम तेच आहे, आणि तेही व्हायकिंगांचंच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला लान्स ओ मेडोज नावाची त्यांची वस्ती सापडली होती. तिथल्या कार्बन-१४च्या जुन्या तारखा इतक्या पसरट होत्या की नक्की केव्हाची वस्ती ते ठरेना.

फुसा मियाके यांनी २०१२मध्ये जपानी देवदाराच्या वलयांत दाखवलं की इसवी सन ७७४-७७५मध्ये हवेतला कार्बन-१४ एका वर्षात साधारण १.२ टक्क्याने उडी मारून वर गेला. एरवी एक टक्का घटायला ऐंशी वर्षं लागतात, त्यामुळे ही उडी वलयात ठळक दिसते. तशीच जरा लहान उडी ९९३मध्ये आहे. २०२१मध्ये लान्स ओ मेडोजच्या लाकडांवर हेच वापरलं. तीन वेगवेगळ्या झाडांचे तुकडे, धातूच्या अवजाराने कापलेले, सालीखालची शेवटची कड शिल्लक. प्रत्येकात एकेक वलय मोजत गेले आणि ९९३ची उडी सापडली. तिथून सालीपर्यंत २८ वलयं भरली, तिन्ही तुकड्यांत. ९९३मध्ये २८ मिळवा: १०२१. त्या साली ती झाडं तोडली. "अमुक ते अमुकच्या दरम्यान" असं म्हणायची गरजच उरली नाही.

हाडाला असं कधीच करता येणार नाही. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडातलं कोलॅजेन दहा-वीस वर्षांत हळूहळू बदलत राहतं, त्यामुळे त्यात एका वर्षाची खूण टिकत नाही, सगळी सरासरी होते.

आकाश_निळं
हे २८ वलयांचं वाचून अंगावर काटा आला. मग रेप्टनला एखादं लाकूड सापडलं असतं तर वादच मिटला असता की.

विदुला_म
लाकडावरून झाड कधी तोडलं ते कळलं असतं, हाडं कुणाची ते नाही. तळटीप, तुमचं उत्तर बरंचसं पटलं. चक्राकार नाही हे मान्य. पण एक अडचण राहतेच. तुम्ही फक्त समुद्राचा हिशेब केला. रेप्टन समुद्रापासून लांब, ट्रेंट नदीच्या खोऱ्यात आहे. ही माणसं नदीतले मासेही खात असतील. नदीचं पाणी चुनखडीतून येत असेल तर त्यातला कार्बन किती जुना? आणि नदीतल्या माशाचा कार्बन-१३ तर जमिनीवरच्या अन्नासारखाच दिसतो ना? म्हणजे तुमच्या साडेआठाच्या पट्टीवर तो दिसणारच नाही.

तळटीप
इथे तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. चुनखडीत कार्बन-१४ शून्य असतो. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यातले मासे कुठे शंभर, कुठे हजाराहून जास्त वर्षांचे भासतात, आणि हा आकडा एका नदीचा दुसरीला लागत नाही. कार्बन-१३वरून ते पकडता येत नाहीत हेही खरं. नायट्रोजन चढलेला आणि कार्बन न चढलेला, असं दिसलं तर संशय घेता येतो, पण किती वर्षं वजा करायची ते त्यावरून ठरत नाही. शिवाय सैन्य फिरतं. या माणसांनी आयुष्यातली आधीची वर्षं रेप्टनला काढलीच नव्हती, मग कुठल्या नदीचा आकडा लावायचा?

उपाय एकच, पण तो मिळणं नशिबावर असतं. त्याच थडग्यात, त्याच वेळी पुरलेल्या गवत खाणाऱ्या जनावराचं हाड. मेंढी मासे खात नाही. मेंढीचं आणि माणसाचं हाड मोजायचं, दोन्हींतला फरक म्हणजे थेट आहाराने आलेला फरक, मग तो समुद्राचा असो की नदीचा. फक्त ती मेंढी खरंच त्याच वेळी पुरली गेली होती, नंतर कुणी बिळातून ओढत आणली नाही, याची खात्री खोदणाऱ्याच्या वहीतूनच करावी लागते.

विदुला_म
मग तोवर मी दुरुस्त तारखेपुढची मर्यादा थोडी रुंदच धरून चालेन.

तळटीप
मीही तेच करतो.